सत्तर चिन्हांत वेळबदलाची सूचना

स्नेहपानाचा दिवस पुढे गेल्याचे वेळेत न कळल्यास रुग्ण ठरल्या सकाळी घरीच तूप पिऊन मोकळा होतो आणि पुढील शोधनाची सारी गणना चुकते. म्हणून अशी सूचना साध्या फोनवर एकाच लघुसंदेशात मावावी, असे आम्हांस वाटते. रोमन लिपीत एका संदेशात १६० चिन्हे बसतात, देवनागरीत केवळ ७०. काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा ही सारी स्वतंत्र मोजली जातात. ‘स्ने’ म्हणजे चार. मर्यादा ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात आणि नेमका निषेधाचा तुकडा मागाहून पोहोचू शकतो.

नमस्कार व कारण गाळावे. जुना दिवस मात्र गाळू नये. अन्यथा नवी तारीख ही जादा भेटीची समजली जाते. आमचा नमुना असा:

स्नेहपान सोम १२ ऐवजी बुध १४, स. ७. तोवर तूप पिऊ नये.

ही ५२ चिन्हे झाली. उरलेल्या १८ मध्ये एक जागा सोडून वैद्यांचे नाव घालावे. काही जुन्या फोनवर देवनागरीऐवजी चौकोन उमटतात. अशा रुग्णांची नोंद ठेवून त्यांस रोमन लिपीतच कळवावे.