हेडफोनची दुरुस्ती: कुठे करायची, कुठे थांबायचं

माझ्या हेडफोनवर तबला ऐकताना चाटीवरचा ‘ना’ स्वच्छ ऐकू यायचा, पण डग्ग्याचा घुमार अर्ध्यावरच विरायचा. रेकॉर्डिंगमध्ये तो पुरेपूर होता; हेडफोनच खालचे सूर कमी वाजवत होता. अशी उणीव सॉफ्टवेअरने भरून काढता येते, मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतच.

त्यासाठी आधी हेडफोन मोजावा लागतो. रबरी कान आणि कृत्रिम कर्णनलिका असलेल्या यंत्रावर तो चढवतात, जाड ते बारीक असे सगळे सूर वाजवतात आणि कानाच्या पडद्याच्या जागी बसवलेल्या मायक्रोफोनने कोणता सूर किती जोरात पोहोचला ते टिपतात. त्यातून आलेख मिळतो. पण चांगल्या हेडफोनचा आलेख सपाट नसतो. समोरच्या स्पीकरचा आवाज आपल्या कानात शिरताना 3000 हर्ट्झच्या आसपास कानाच्या घडणीमुळेच बराच वाढतो आणि मेंदूला त्याची सवय असते. हेडफोनच्या आलेखातही तो उंचवटा हवा, नाहीतर गाणं मंद आणि झाकल्यासारखं वाटतं.

मग तुलना कशाशी करायची? हरमन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012च्या सुमारास श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांची पसंती नोंदवायला सुरुवात केली. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजेल, त्याच्या जवळ जाणारा आवाज बहुतेकांना आवडला. त्यातून आखलेली रेषा ‘हरमन टार्गेट’ म्हणून ओळखली जाते. ती अनेकांच्या आवडीची सरासरी आहे. काहींना तिच्यापेक्षा जास्त बास हवा असतो, काहींना कमी.

मोजलेला आलेख आणि टार्गेट यांतला फरक उलटा करून लावला की झाली दुरुस्ती. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. त्याच्या `config.txt` या फाइलमध्ये मी माझ्या हेडफोनसाठी एवढंच लिहिलं आहे:

```
Preamp: -5.5 dB
Filter 1: ON LSC Fc 105 Hz Gain 5.0 dB Q 0.70
Filter 2: ON PK Fc 3200 Hz Gain -2.5 dB Q 1.40
```

पहिला फिल्टर खालचे सूर 5 डेसिबलने उचलतो, दुसरा 3200 हर्ट्झजवळचा टोचरेपणा जरा उतरवतो. पहिली ओळ विसरली तर घोटाळा होतो. डिजिटल आवाजाला वरची कमाल हद्द असते. बास वाढवला की लाटांचे शेंडे तिच्यावर आदळून छाटले जातात आणि जोरकस थापेला खरखर येते. म्हणून आधी सगळा आवाज तेवढाच खाली आणायचा.

आता हद्दी. 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 3.4 मीटर असते, तर 10,000 हर्ट्झची फक्त 3.4 सेंटिमीटर. एवढ्या आखूड लहरीसाठी काही मिलिमीटरही मोठं अंतर असतं. हेडफोन किंचित सरकला किंवा तुमचा कान यंत्राच्या रबरी कानापेक्षा वेगळा असला, तर आलेखाच्या त्या टोकातले उंचवटे आणि खड्डे जागा बदलतात. याची खात्री घरीच करता येते: 5000 पासून 12,000 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर अगदी कमी आवाजात लावा. तो मध्येच मोठा, मध्येच बारीक होतो. हेडफोन थोडा पुढे सरकवून तोच सूर पुन्हा ऐकला, की त्या जागा हललेल्या जाणवतील. म्हणून आलेखात 9000 हर्ट्झवर दिसणारा अरुंद खड्डा भरायला गेलात, तर कदाचित तुमच्या कानात नसलेला खड्डा भराल आणि ‘स’ टोचू लागेल.

खालच्या टोकाची अडचण वेगळी. बंद कपांचे हेडफोन कानाभोवती घट्ट बसले तरच बास टिकतो. चष्म्याच्या काडीने फट पडली किंवा गाद्या झिजल्या, तर आलेखात दिसणारा बास तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिथे आधी फट बुजवायची, मग सॉफ्टवेअर. शिवाय 5 डेसिबल वाढ म्हणजे तिप्पट वीज. आवाज चढवल्यावर पडदा तेवढा हलू शकला नाही, तर डग्गा घुमण्याऐवजी गढूळ होतो. तसं झालं तर वाढ कमी करावी.

दुरुस्ती चालू-बंद करून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा, तोच कानाला सरस वाटतो. मी आवाज जुळवून ऐकलं, तेव्हा ‘ना’ होता तसाच राहिला आणि ‘घे’चा घुमार शेवटपर्यंत पोहोचला. 8000 हर्ट्झच्या वर मी काहीच लावलेलं नाही.