आठ बिटांत उणे सदतीस

संगणकाच्या मेमरीत ० आणि १ एवढेच ठेवता येते. वजाच्या चिन्हासाठी तिसरे काही नाही. मग आठ बिटांच्या एका बाइटमध्ये उणे ३७ लिहायचे कसे?

सहज सुचणारा उपाय म्हणजे सर्वांत डावीकडचा बिट चिन्हासाठी राखून ठेवणे: ० असेल तर अधिक, १ असेल तर उणे. या रीतीने ५ म्हणजे 00000101 आणि उणे ५ म्हणजे 10000101. पण दोघांची बेरीज करून पाहिली तर उत्तर येते 10001010, म्हणजे उणे १०! यायला हवे होते शून्य. ही रीत वापरायची, तर आधी चिन्हे तपासून मग बेरीज की वजाबाकी हे ठरवणारे वेगळे सर्किट लागते.

टूज कॉम्प्लिमेंटची रीत बेरजेपासूनच सुरू होते. ३७ मध्ये मिळवल्यावर आठही बिट शून्य होतील अशी संख्या म्हणजे उणे ३७. ती शोधायला ३७ चे सगळे बिट उलटे करायचे आणि त्यात १ मिळवायचा:

```
 37 : 00100101
      11011010   (~37)
-37 : 11011011   (+1)
```

असे का जमते? कोणत्याही संख्येत तिचेच उलटे बिट मिळवले की आठही जागी १ येतात. त्यात आणखी १ घातला की हातचा सरकत सरकत नवव्या जागी जातो. बाइटमध्ये नववी जागाच नसल्याने तो गळतो आणि उरते शून्य.

उत्तर पडताळायचे असेल, तर डावीकडच्या बिटाची किंमत १२८ ऐवजी उणे १२८ धरावी, बाकीच्यांची नेहमीचीच. 11011011 म्हणजे −१२८ + ६४ + १६ + ८ + २ + १, म्हणजेच −३७.

या किमतींवरूनच मर्यादाही कळतात. डावा बिट ० ठेवून बाकी सगळे १ केले की १२७, ही सर्वांत मोठी संख्या. फक्त डावा बिट १ ठेवला की −१२८, ही सर्वांत लहान.

मर्यादा ओलांडली की घोटाळा होतो. १०० आणि ५० यांची बेरीज 10010110 अशी येते. डावा बिट १ असल्याने ती १५० न वाचली जाता −१०६ वाचली जाते. याला ओव्हरफ्लो म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: एकाच चिन्हाच्या दोन संख्या मिळवल्या आणि उत्तराचे चिन्ह उलटे आले, की ओव्हरफ्लो झालाच. विरुद्ध चिन्हांच्या बेरजेत तो कधीच होत नाही. उदाहरणार्थ, −३७ + ५० केले की नववा हातचा गळतो, पण 00001101 हे उत्तर, म्हणजे १३, अगदी बरोबर असते.

सर्वांत फसवी संख्या −१२८. तिचे बिट उलटे करून १ मिळवला, तर पुन्हा 10000000 च हाती येते, कारण +१२८ ला आठ बिटांत जागाच नाही. जावाच्या ३२ बिटी `int` मध्येही हेच घडते: `Math.abs(Integer.MIN_VALUE)` चे उत्तर ऋणच येते.