आडवी काडी सरकवली तरी

बांबूच्या दोन सरळ काड्या घ्या, एक २१ सेंटीमीटरची आणि दुसरी २४ सेंटीमीटरची. पहिली उभी धरा, दुसरी तिच्यावर काटकोनात आडवी ठेवा आणि आडवीचा बरोबर मध्य उभीला बांधा. चारही टोकांवरून दोरा ताणला की चौकोन तयार होतो. प्रश्न एवढाच उरतो, की गाठ उभ्या काडीवर नेमकी कुठे मारायची?

उभ्या काडीच्याही मध्यावर मारली, तर चारही बाजू सारख्या भरतात, प्रत्येकी साधारण १५.९ सेंटीमीटर. हा समभुज चौकोन. गाठ वर सरकवून टोकापासून ५ सेंटीमीटरवर आणली, तर वरच्या दोन बाजू १३-१३ सेंटीमीटरच्या आणि खालच्या दोन २०-२० च्या होतात. भूमितीच्या पुस्तकात पतंग म्हणतात तो हाच आकार. आता या दोन्ही चौकोनांवर कागद चिकटवायचा असेल, तर जास्त कागद कशाला लागेल?

दोन्हींना सारखाच लागतो. उभ्या काडीइतका उंच आणि आडवीइतका रुंद असा आयत चौकोनाभोवती आखून पाहा. त्याचे क्षेत्रफळ २१ × २४, म्हणजे ५०४ चौरस सेंटीमीटर. दोन काड्या या आयताचे चार लहान आयत करतात आणि दोऱ्याची प्रत्येक बाजू त्यातल्या एकेकाला तिरकी कापते. प्रत्येक लहान आयताचा अर्धा भाग दोऱ्याच्या आत राहतो, अर्धा बाहेर. म्हणून चौकोनाचे क्षेत्रफळ मोठ्या आयताच्या निम्मे, २५२ चौरस सेंटीमीटर. कर्णांच्या गुणाकाराची निमपट करायची, हे सूत्र इथूनच येते. त्यात गाठीच्या जागेचा उल्लेखही नाही. काड्या काटकोनात आहेत, एवढेच त्याला पुरते.

काडीऐवजी कर्ण मोजायचा, हे मात्र विसरून चालत नाही. संक्रांतीला उडवायच्या पतंगाची आडवी काडी कमानीसारखी वाकवलेली असते. तिची लांबी सूत्रात घातली तर उत्तर फुगते. तिच्या दोन टोकांमधले सरळ अंतर घ्यावे लागते.

मग फरक कुठे आहे? तो कर्ण एकमेकांना कसे छेदतात यात आहे. समभुज चौकोनात दोन्ही कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. पतंगात फक्त उभा कर्ण आडव्याला दुभागतो. आडव्याने उभ्याचे दोन समान भाग करायलाच हवेत असे नाही. ते झालेच, तर तो पतंग समभुज चौकोनही ठरतो.

कर्ण आयते दिलेले नसतात, तेव्हा हा फरक अंगावर येतो. समभुज चौकोनाची एक बाजू आणि एक कर्ण कळला की दुसरा कर्ण काढता येतो. बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी असेच उदाहरण घेतले आहे: बाजू २५, एक कर्ण ३०. कर्णाचा अर्धा १५, पायथागोरसच्या प्रमेयाने दुसऱ्याचा अर्धा २०, म्हणजे पूर्ण ४० आणि क्षेत्रफळ ६००.

हीच सवय पतंगाला लावली की गणित फसते. वरच्या पतंगाचा उभा कर्ण २१ आणि एक बाजू १३ दिली असताना पुष्कळ जण २१ चे दोन सारखे भाग करतात. मग आडवा कर्ण सुमारे १५.३ येतो आणि क्षेत्रफळ १६१ च्या आसपास. चूक पकडायला उरलेली बाजू तपासावी. या हिशेबाने खालची बाजूही १३ च भरते, प्रत्यक्षात ती २० आहे. खरा मार्ग दुभागलेल्या कर्णावरून जातो. आडवा कर्ण २४, त्याचा अर्धा १२. १३ च्या बाजूबरोबर ५ मिळतात, २० च्या बाजूबरोबर १६, आणि त्यांची बेरीज २१.

इथेही एक खाच आहे. चार बाजू १३, १३, २०, २० आणि आडवे अंतर २४ ठेवूनच वरचा शिरोबिंदू आत दाबला, तर बाणाच्या टोकासारखा अंतर्वक्र चौकोन होतो. त्यात ५ आणि १६ ची बेरीज न होता वजाबाकी होते. उभा कर्ण ११ उरतो आणि क्षेत्रफळ १३२, आधीच्या जवळजवळ निम्मे. समभुज चौकोनाच्या बाबतीत ही शंका उद्भवत नाही, कारण तो असा आत दाबताच येत नाही. बाजू आणि एक कर्ण ठरला की त्याचा एकच आकार शक्य असतो.