पुसलेली यादी किती दिवस उरते?

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आपण वर्गातल्या मुलांची यादी गूगल ड्राइव्हवर तयार केली. तीत आधार क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक आहेत. काम संपल्यावर आपण हे दोन रकाने पुसतो आणि उरलेली यादी वापरत राहतो. आकडे गेले का? File मधले Version history उघडून पाहा. कालची यादी आकड्यांसकट तिथे आहे! ज्यांना यादीत बदल करण्याची मुभा आपण दिली आहे, त्यांनाही ती दिसते.

म्हणून Make a copy वापरून पुसलेल्या यादीची नवी प्रत करावी. जुना इतिहास तीत उतरत नाही. मग मूळ फाईल काढून टाकायची. ती कचरापेटीत, म्हणजे Trash किंवा Bin मध्ये, ३० दिवस राहते. १ जूनला टाकली तर १ जुलैच्या सुमारास आपोआप जाते. वाट पाहायची नसेल तर आपणच पेटी रिकामी करावी.

फाईल आता आपल्याला दिसत नाही. गूगलच्या सर्व्हरवरून मात्र ती पूर्ण पुसली जायला, कंपनीच्याच सांगण्यानुसार, काढल्यापासून साधारण २ महिने लागतात, म्हणजे ऑगस्ट उजाडतो. यंत्र बिघडले तर माहिती बुडू नये म्हणून सांकेतिक रूपात ठेवलेल्या राखीव प्रतींत ती ६ महिन्यांपर्यंत राहू शकते. त्या आपल्याला पाहताही येत नाहीत आणि पुसताही येत नाहीत.

एखाद्या सहकाऱ्याने यादी स्वतःच्या फोनवर उतरवून घेतली असेल, तर ती त्यानेच पुसायला हवी. ड्राइव्हवरच्या मुदती तिला लागू नाहीत.