भरती पाहून निघावे, पुलावरून जावे

मरोळहून दुचाकीवर वर्सोव्याला घरी जायचे तर पश्चिम रेल्वेचे रूळ कुठेतरी ओलांडावेच लागतात. जवळची वाट अंधेरी सबवेची. पण मुसळधार पावसात दोन्ही बाजूंच्या उतारांवरचे पाणी तिथेच गोळा होते आणि मोगरा नाला तुडुंब भरला की ते उपसून टाकायलाही जागा उरत नाही. मिलन सबवेची गत वेगळी नाही. म्हणून अशा दिवशी रूळ वरूनच ओलांडावेत. अंधेरीचा गोखले पूल जवळचा. तिथे गाड्या तुंबल्या असतील तर पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल आहे. वळसा पडतो, पण घरी पोहोचता येते.

वाटेइतकीच निघण्याची वेळ महत्त्वाची, आणि ती ठरवतो समुद्र. मुंबईचे नाले खाडीला मिळतात. मोठ्या भरतीला खाडीची पातळी नाल्यांच्या मुखांपेक्षा वर चढते, मग पाऊस थांबला तरी रस्त्यावरचे पाणी हलत नाही. भरतीचा अंदाज बांधायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ आणि उंची भरतीच्या तक्त्यात मिळते.

समजा, आज अमावास्येनंतरची द्वितीया आहे. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची असल्याने ती मोठीही असणार. पाऊस वाढला म्हणून कचेरी एक वाजता सोडली आणि सगळे एकदम निघाले, तर नेमके सर्वांत वाईट घटकेला रस्त्यावर येतील. त्यापेक्षा पाच वाजेपर्यंत थांबावे. तोवर ओहोटी निम्म्यावर आलेली असते आणि नाले पुन्हा वाहू लागतात. पाऊस मात्र तसाच कोसळत राहिला तर ओहोटीचाही उपयोग नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. तशा दिवशी मुक्काम कचेरीतच करावा.

पूल उतरल्यावर एस. व्ही. रोडवर पाणी लागलेच तर फुटपाथची कड शोधावी. ती दिसत नसेल तर गाडी घालू नये, मागे फिरावे. गढूळ पाण्याखालचे मॅनहोल कुणाला दिसत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी न्यावी आणि मेकॅनिककडून प्लग काढून पाणी बाहेर काढून घ्यावे.