पीएफमधलं माहेरचं नाव

लग्नानंतर आपल्याकडे आडनावासोबत मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो. तीनपैकी दोन शब्द बदलले की संगणकाला ती बाई वेगळीच वाटते. माझ्या मावसबहिणीचं तेच झालं. आधार आणि बँकेत सासरचं नाव, पीएफमध्ये माहेरचं. नोकरी सोडल्यावर पैसे काढायला गेली, तर नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी विवाह नोंदणीचा दाखला देऊन आधार बदला. आधारमध्ये नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग नीट तपासा. मग तेच स्पेलिंग पॅन आणि बँकेत. शेवटी पीएफच्या सदस्य पोर्टलवर ‘जॉइंट डिक्लेरेशन’ भरा. यूएएन ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल, तर 2025 पासून बहुधा मालकाच्या मंजुरीशिवाय काम होतं. जुन्या यूएएनला मात्र कंपनीची मंजुरी लागते. बहिणीचा अर्ज तिथेच अडकला होता, कारण कंपनीच्या दप्तरातही जुनंच नाव होतं. एचआरला दाखला दिल्यावर तो पुढे सरकला. नोकरीत असतानाच हे करून घ्या. सोडल्यावर त्या सहीसाठी फार खेटे पडतात.