डिमर निम्म्यावर आला की स्पीकर का गुरगुरतो?

शाळेचं स्नेहसंमेलन असो की एकांकिका स्पर्धा, हा प्रकार कुठे ना कुठे घडतोच. दुपारच्या साउंड चेकला स्पीकर अगदी शांत असतात. संध्याकाळी पडदा उघडतो, प्रकाशयोजनाकार पहाटेच्या प्रवेशासाठी दिवे निम्म्यावर आणतो आणि स्पीकरमधून ‘टर्रर्र’ असा खरखरीत आवाज सुरू होतो. साउंडवाला माइक बदलतो, केबल हलवून बघतो, मिक्सरवर हात फिरवतो. पुढच्या प्रवेशात दिवे पूर्ण लागतात आणि आवाज आपोआप जातो. म्हणजे बिघाड मिक्सरमध्ये नव्हताच. तो होता वीज कुठून घेतली यात.

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, तिचा दाब शून्यावर येऊन पुन्हा चढतो. हॅलोजन दिवे मंद करणारा नेहमीचा डिमर दाब कमी करत नाही. तो प्रत्येक चढावाच्या सुरुवातीला वीज अडवून धरतो आणि मग एकदम सोडतो. दिव्याची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून डोळ्यांना फक्त मंद उजेड दिसतो. पण निम्म्या फेडरला वीज सोडली जाते ती नेमकी दाब शिखरावर, सुमारे ३२५ व्होल्टवर, असताना. सेकंदाला असे शंभर धक्के त्या तारेवर बसतात, आणि धक्का जितका तीव्र तितके त्यातून निघणारे सूर उंच. ते कानाला टोचतात. डिमरमधला चोक हा धक्का बोथट करतो. स्वस्त डिमरमध्ये तो जेमतेमच असतो.

निदान त्यामुळे सोपं आहे. फेडर शून्यापासून हळूहळू वर न्या. आवाज मधल्या टप्प्यात सर्वांत वाईट आणि पूर्ण उजेडाला जवळजवळ बंद होत असेल, तर गुन्हेगार डिमरच. फेडर कुठेही असला तरी एकसारखी ‘हूंऽऽ’ येत राहिली, तर अर्थिंगमध्ये किंवा एखाद्या जॅकमध्ये शोधा. आणि आवाज स्पीकरमधूनच येतोय ना, हेही आधी ऐका. मंद केलेल्या दिव्याची तार स्वतःसुद्धा थरथरून गाते.

हे धक्के साउंडपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः सामाईक वायरीतून. समजा, डीबीपासून स्टेजपर्यंत ३० मीटरची अडीच स्क्वेअर एमएमची एकच वायर टाकली आहे आणि तिच्यावर डिमर १३ अँपिअर खेचतोय. एकट्या न्यूट्रलमध्ये साधारण ३ व्होल्ट पडतात, आणि तेही असे दातेरी. माइकचा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा. त्याच बोर्डात मिक्सर लावला, तर त्या ३ व्होल्टांचा छोटासा अंशही कानाला पुरतो.

म्हणून साउंड आणि लाइट यांच्या वाटा डीबीपाशीच वेगळ्या करायच्या. एक नेहमीचा हिशेब घेऊ. ५०० वॉटचे १२ दिवे आणि सहा चॅनेलचे दोन डिमर पॅक. एकूण ६,००० वॉट, म्हणजे सुमारे २६ अँपिअर. हॉलमध्ये थ्री-फेज कनेक्शन असेल, तर एक पॅक आर फेजवर, दुसरा वाय फेजवर. प्रत्येकी १३ अँपिअर. बी फेज पूर्ण साउंडला. मिक्सर, दोन पॉवर्ड स्पीकर, दोन मॉनिटर, कीबोर्ड आणि लॅपटॉप एवढ्या लहान संचाला साधारण ६ अँपिअरही लागत नाहीत. उरलेल्या जागेचा मोह होऊन चहाची इलेक्ट्रिक किटली त्या फेजवर लावू नका.

नुसता फेज वेगळा करून भागत नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. साउंडचा न्यूट्रलही डीबीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवरूनच वेगळा यायला हवा. साध्या दिव्यांचा भार तिन्ही फेजवर सारखा असेल, तर न्यूट्रलमधले प्रवाह एकमेकांना खोडतात. डिमरच्या तुटक प्रवाहाचं तसं होत नाही. त्याचा काही भाग न्यूट्रलमध्ये साचत जातो आणि कधीकधी फेजच्या वायरीपेक्षा न्यूट्रलच जास्त तापतो. तो जळून तुटला, तर एखाद्या बोर्डावर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. तेव्हा बारीक न्यूट्रल चालणार नाही, आणि हे जोडकाम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

मिक्सर प्रेक्षकांच्या मागे असेल, तर त्याची वीजही स्टेजवरच्या साउंड बोर्डातूनच न्या, जवळच्या भिंतीतल्या सॉकेटमधून नको. ते सॉकेट कोणत्या फेजवर आहे हे कुणाला ठाऊक नसतं, आणि दोन ठिकाणचं अर्थिंग माइकच्या केबलमधून जोडलं गेलं की नवीच ‘हूंऽऽ’ सुरू होते. लाइटच्या केबल एका विंगेतून आणि माइकच्या दुसऱ्या विंगेतून न्याव्यात. ओलांडावंच लागलं, तर काटकोनात.

तरीही लॅपटॉप किंवा कीबोर्ड कुरकुर करत असेल, तर मध्ये डीआय बॉक्स लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. ते सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, विजेचं अर्थिंग नाही. याउलट प्लगची तिसरी पिन काढून टाकणं हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो. अँपमध्ये आत बिघाड झाला, तर त्याच्या धातूच्या बॉडीत आणि गिटारच्या तारांमध्ये २३० व्होल्ट येतात. वादकाचे ओठ माइकला लागले की सर्किट पूर्ण होतं. ‘आवाज गेला ना?’ हे त्यावर उत्तर नव्हे.

आता एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर पाच सॉकेट आहेत म्हणून तो पाचपट वीज देत नाही. सहा अँपिअरचा बोर्ड एकूण १,३८० वॉटपर्यंतच. त्यावर ५०० वॉटचे दोन दिवे ठीक. तिसरा लावला की मर्यादा ओलांडली. डिमर पॅकला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं, आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचणं तर टाळाच, कारण प्रत्येक सैल पिन ही तापायची एक जागा असते. दीड स्क्वेअर एमएमच्या ३० मीटर केबलमध्ये १० अँपिअर वाहिले, तर सुमारे ८० वॉट उष्णता तयार होते. केबल जमिनीवर पसरलेली असेल, तर ती हवेत निघून जाते. तीच केबल ड्रमवर गुंडाळलेली राहिली, तर आतलं वेष्टण वितळू लागतं. पाच मीटर लागत असली, तरी ड्रम पूर्ण उलगडा. तासाभराने प्लगवर हात ठेवून पाहा. चटका बसत असेल, तर भार कमी करा.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो वायर वाचवतो, तेही वायर त्याच्या मापाची असेल तर. १६ अँपिअरच्या एमसीबीमागे कोवळी वायर लावली, तर आधी वायरच पेटेल. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हॉल ठरवताना भाड्याबरोबर एवढं विचारा: स्टेजवर साउंडसाठी डीबीपासून वेगळी लाइन आहे का, आणि त्या डीबीत आरसीसीबी आहे का. असेल, तर त्याचं टेस्टचं बटण तिथेच दाबून दाखवायला सांगा.